अत्तराखालचा धूर

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. रात्री दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. एवढ्यात आमच्या ओळखीचे एक शिक्षक आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीला दम्याचा त्रास लहानपणापासूनच आहे, पण पंप नियमित सुरू केल्यापासून वर्ष-दीड वर्ष ती अगदी छान होती. मात्र गेल्या सहा आठवड्यांत तिला दम लागण्याची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला मी हवापालट झाली म्हणालो. दुसऱ्या खेपेला औषधाची मात्रा वाढवली आणि घरातली धूळ, गाद्या-उशा, शेजारचे कुत्रे या सगळ्यांची चौकशी केली. तिसऱ्या खेपेला मात्र मुलगीच म्हणाली, "डॉक्टरकाका, नव्या गाडीत बसलं ना, की मला खोकला येतो."

"नवी कुठली? जुनीच आहे," वडील संकोचून म्हणाले. "जानेवारीत पुण्याहून घेतली. दर रविवारी हिच्या आजोळी जातो आम्ही."

तिन्ही वेळा त्रास रविवारी रात्री किंवा सोमवारी सुरू झाला होता, हे माझ्याच कागदावर लिहिलेले होते. ते माझ्या लक्षात यायला हवे होते, ते आले नाही. मुलीला वाफ दिली, श्वास जरा मोकळा झाला, आणि मी त्या गृहस्थांबरोबर बाहेर गाडी पाहायला गेलो.

गाडी बाहेरून लखलखीत होती. दार उघडताच मोगऱ्याच्या अत्तराचा भपकारा आला. डॅशबोर्डवर सुगंधी जेलचा डबा, आरशाला टांगलेला वासाचा पुठ्ठा आणि सीटखाली कापराची पुरचुंडी असा सगळा सरंजाम होता. क्षणभर थांबलो, तेव्हा मोगऱ्याच्या मागून दुसरा वास आला. पाणी पडलेल्या रक्षापात्राला येतो तसा शिळा, कडवट. हा वास ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण कॉलेजात असताना आणि पुढे काही वर्षे मी स्वतः सिगारेट ओढत असे.

दवाखान्यातून गॉझचा एक पांढरा तुकडा आणला, पाण्यात भिजवून पिळला आणि समोरच्या काचेवर आतून एकदा फिरवला. तुकडा चहा गाळल्यासारखा पिवळट तपकिरी झाला. "अहो, काच तर मी कालच पुसली!" शिक्षक म्हणाले. पुसली होती, पण बाहेरून.

आज हा विषय सदरात घेण्याचे कारण हेच. जुन्या गाडीतला सिगारेटचा वास ही केवळ नाकाची गैरसोय आहे, असे समजून आपण तो झाकायच्या मागे लागतो. माझे मत असे, की हा वास झाकण्याची वस्तू नव्हे. तो पुसून, धुऊन आणि काढून टाकण्याचा मळ आहे. जोवर मळ आहे तोवर वास आहे. वास अत्तराखाली दडला तरी मळ जागच्या जागीच राहतो.

हा मळ कसा तयार होतो ते आधी पाहू. सिगारेटचा धूर म्हणजे नुसती हवा नव्हे. त्यात डांबरासारख्या चिकट पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि निकोटीन असते. बंद गाडीत हे थेंब काचेवर, छताच्या कापडावर, सीटवर, पट्ट्यांवर बसतात. कापडाच्या खालच्या स्पंजात वायुरूपाने शिरतात. गाडी उन्हात तापली की हेच पदार्थ थोडे थोडे करून पुन्हा हवेत येतात. म्हणून हिवाळ्यात घेतलेली, वास न येणारी गाडी एप्रिलमध्ये एकाएकी 'बोलू' लागते. वास परत आला असे आपण म्हणतो, पण तो कुठे गेलेलाच नसतो.

२००८ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी विकायला काढलेल्या जुन्या गाड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. धूम्रपान करणाऱ्यांच्या गाड्यांत आतल्या धुळीत, डॅशबोर्डवर आणि हवेतही इतरांच्या गाड्यांपेक्षा जास्त निकोटीन आढळले. पुढे २०१० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले प्रयोगशाळेने दाखवून दिले, की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनचा हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन नायट्रोसमाइन्स नावाची, कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्ये तयार होतात. एका धूम्रपान करणाऱ्याच्या वाहनातही त्यांना ती सापडली. यावरून अशा गाडीत बसणाऱ्याला कर्करोग होतोच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल आणि मी तसे म्हणणार नाही. पण रांगणारे मूल सीटवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका तर वासानेसुद्धा आवळतात. एवढे कारण गाडी स्वच्छ करायला पुरेसे आहे.

आता अत्तराविषयी. उग्र सुगंध हेच मुळी दम्याच्या कित्येक रुग्णांना झोंबतात. त्या मुलीला धूर आणि मोगरा असा दुहेरी मारा होत होता. गाडीत उदबत्ती लावणारेही मी पाहिले आहेत. धुराचा वास घालवायला आणखी धूर करायचा, याला काय म्हणावे! कापूर आणि डांबराच्या गोळ्या यांबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. कापराची वडी लहान मुलाने गिळली तर झटके येऊ शकतात. डांबराच्या गोळ्यांमुळे जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मुलाच्या हाताला लागेल अशी यातली एकही वस्तू गाडीत नसावी. मी त्या शिक्षकांना सर्वप्रथम हा सारा सरंजाम काढून टाकायला सांगितले. त्याचा दुसरा फायदा असा, की खरा वास कुठून येतो ते त्याशिवाय कळत नाही.

वासाचा उगम शोधण्याची एक साधी रीत आहे. गाडी काचा लावून दोन तास उन्हात उभी करावी. मग एक दार उघडून, इंजिन सुरू न करता, आत डोकावून वास घ्यावा. त्याच वेळी वास भरून राहिलेला असेल तर तो सीट, छत आणि गालिच्यात मुरला आहे असे समजावे. नंतर चारही दारे उघडून गाडी दहा मिनिटे मोकळी करावी, आत बसावे आणि ब्लोअर पूर्ण वेगाने सुरू करावा. जाळ्यांतून येणाऱ्या पहिल्या झोताबरोबर वास आला, तर तो एसीच्या मार्गात आहे. दोन्ही वेळा आला तर दोन्हीकडे काम करावे लागेल. जुन्या गाड्यांत बहुधा असेच असते. झोताला सिगारेटऐवजी ओल्या मोज्यासारखा कुबट वास येत असेल, तर ती बुरशी. तिचाही उपाय पुढे येतोच.

मात्र ही परीक्षा गाडीच्या मालकाने करू नये. एकाच वासात काही मिनिटे बसले की नाक त्याची दखल घेणे थांबवते, आणि धूम्रपान करणाऱ्याचे नाक तर आधीच मंदावलेले असते. शेजारच्या आजीबाईंना बोलवावे. त्या तोंडावर पदर धरून जे सांगतील ते प्रमाण मानावे.

शिक्षकांनी हे काम दोन रविवारी केले. मुलीला त्या दिवशी आजीकडे ठेवले होते, कारण सफाईच्या वेळी उडणारी धूळ आणि वास यांपासून दम्याच्या रुग्णाने दूरच राहावे. आमच्या पेशंटांपैकीच एक एसी मेकॅनिक आहेत, ते मदतीला आले. मीही कुतूहलापोटी थोडा वेळ जाऊन उभा राहिलो. तिथे पाहिले ते क्रमाने सांगतो.

पहिल्या रविवारी सकाळी गाडीतली सुटी होणारी प्रत्येक वस्तू बाहेर काढली. मॅट, डिकीतला गालिचा, स्टेपनीवरचे झाकण, रक्षापात्र. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रेक्झिनची सीट कव्हरे. गाडी विकताना नवी कोरी कव्हरे चढवलेली होती. ती काढली तेव्हा खालच्या मूळ कापडावर दोन ठिकाणी सिगारेटने पडलेली भोके निघाली. रेक्झिनमधून हवा जात नाही, त्यामुळे खालचा वास वर्षानुवर्षे तसाच कोंडून राहतो आणि बाजूच्या शिवणीतून हळूहळू येत राहतो. सीट मागेपुढे सरकवून खालच्या फटींतली राख, थोटके आणि धूळ व्हॅक्यूम क्लीनरने ओढून काढली. कोरडी धूळ आधी निघाली नाही, तर पुढे पाणी लागताच तिचा चिखल होतो. म्हणून या कामाला चांगला एक तास दिला.

मग वरून खाली असा क्रम. पहिले छत. धूर वर जातो, म्हणून सर्वांत जास्त मळ छताच्या कापडावर असतो आणि सर्वांत कमी लोक तिकडे पाहतात. पण इथेच चूकही होते. हे कापड पातळ स्पंजावर आणि तो स्पंज पुठ्ठ्यासारख्या पाटीवर डिंकाने चिकटवलेला असतो. तो पाण्याने भिजवला की डिंक सुटतो आणि चार दिवसांनी छत ओल्या चादरीसारखे डोक्यावर लोंबते. म्हणून छताला पाणी लावायचेच नाही. एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा केसांचा सौम्य शाम्पू घालून तो खूप फेसाळायचा. नुसता फेस फडक्यावर घेऊन एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवायचा आणि लगेच दुसऱ्या, पाण्यातून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून घ्यायचा. एका वेळी हातरुमालाएवढाच भाग घ्यावा. चोळू नये, चोळल्याने कापडाला गाठी येतात.

नंतर काचा, डॅशबोर्ड, दारांची आतली बाजू, स्टिअरिंग, आरसा आणि उन्हाची झापड. या कठीण पृष्ठभागांवर दोन वेळा फडके फिरवायचे, आणि दोन वेळा का ते समजून घ्यावे. डांबर तेलकट आहे, ते साबणाने सुटते. म्हणून पहिला हात भांडी घासायच्या द्रव साबणाचा, लिटरला एक चमचा. निकोटीन हे अल्कलीधर्मी आहे, त्याला आम्लाचा स्पर्श झाला की त्याचे पाण्यात विरघळणारे क्षार होतात. म्हणून दुसरा हात पांढऱ्या व्हिनेगरचा, एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी. शेवटी साध्या पाण्याचे फडके. व्हिनेगरचा वास एक-दोन दिवसांत आपोआप जातो. पडदा असलेल्या ध्वनियंत्रावर आणि चामड्यावर व्हिनेगर वापरू नये. बाकी ठिकाणीही आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे.

पुष्कळ लोक व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करतात. भरपूर फेस येतो आणि काहीतरी जोरदार चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हाती खारट पाणी उरते. सोडा वापरायचाच तर कोरडा, सीटवर भुरभुरून, रात्रभर ठेवून सकाळी व्हॅक्यूमने काढावा. त्याने थोडाफार वास कमी होतो, पण खाली मुरलेले डांबर सोड्याने निघत नाही. आणि एक ताकीद. संडास साफ करायचे ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र आणू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

फडकी पांढरीच घ्यावीत, हे सांगायचे राहिले. रंगीत फडक्यावर मळ दिसत नाही. शिक्षकांच्या पत्नीने जुन्या धोतराचे तुकडे केले होते. पहिल्या बादलीचे पाणी काळ्या चहासारखे झाले, तिसऱ्या बादलीला जेमतेम पिवळे राहिले. पांढरे फडके पांढरेच निघेपर्यंत थांबायचे नाही, हा नियम त्यांनी केला आणि तो योग्यच होता.

सीटचे पट्टे कोणालाही आठवत नाहीत. ते टोकापर्यंत ओढून, चिमटा लावून अडकवून ठेवायचे आणि साबणाच्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसायचे. पूर्ण वाळल्याशिवाय परत आत सोडायचे नाहीत, नाहीतर आत बुरशी धरते. ड्रायव्हरच्या पट्ट्याचा खांद्याजवळचा भाग इतका तपकिरी निघाला, की मूळ रंग राखाडी होता यावर कोणाचा विश्वास बसेना.

दुसरा रविवार सीट आणि गालिच्याचा. तेच शाम्पूचे पाणी फवारणीच्या बाटलीत भरून, मऊ ब्रशने घासून, वॉशिंग सेंटरवरच्या पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने ओढून घेतले. मग साध्या पाण्याचा फवारा, आणि पुन्हा ओढून घेणे. घासणे हे अर्धे काम, मळलेले पाणी बाहेर काढणे हे उरलेले अर्धे. नुसते घासून वाळवले तर मळ स्पंजात आणखी खोल जातो. पाणी बेताचेच वापरावे, कारण सीटखाली विजेच्या जोडण्या असतात आणि काही गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅग असते. शिवाय स्पंज आतून ओला राहिला, तर सिगारेटच्या जागी बुरशीचा वास येतो, आणि दम्याला बुरशी धुराइतकीच वाईट. म्हणून हे काम कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी लवकर सुरू करावे आणि दिवसभर चारही दारे उघडी ठेवावीत. पावसाळ्यात सीट धुऊच नयेत.

राहिला एसीचा मार्ग, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. आधीचा मालक बहुधा काचा बंद करून, आतलीच हवा फिरवणारे बटण दाबून सिगारेट ओढत असणार. तसे केले की गाडीतला धूर पुन:पुन्हा ब्लोअरमधून आणि गार होणाऱ्या जाळीवरून, म्हणजे कूलिंग कॉइलवरून, फिरतो. ही कॉइल पाणी सुटल्यामुळे ओली असते. ओल्या जाळीवर धूर चिकटतो, त्यावर धूळ बसते, धुळीवर बुरशी वाढते. मग समोरच्या जाळ्या कितीही पुसल्या तरी झोत कॉइलवरूनच येतो.

मेकॅनिकनी पहिल्याच रविवारी समोरचा कप्पा सोडवून त्याच्या मागचा एसी फिल्टर बाहेर काढला. तो करडा-काळा झालेला होता आणि नाकाशी नेताच त्याची कूळकथा कळत होती. काही जुन्या किंवा स्वस्त गाड्यांत हा फिल्टर नसतोच, तेव्हा आधी विचारून घ्यावे. फिल्टर झटकून किंवा धुऊन परत बसवू नये, बदलावा, आणि मिळत असल्यास कोळशाच्या थराचा घ्यावा, कारण साधा कागदी फिल्टर धूळ अडवतो, वास अडवत नाही. पण नवा फिल्टर लगेच बसवला नाही. आधी कॉइल साफ करणाऱ्या फेसाची नळी फिल्टरच्या जागेतून आत घालून फवारणी केली, पंधरा-वीस मिनिटे थांबले आणि मग गाडीखाली एसीच्या पाण्याच्या नळीतून काय येते ते पाहत बसले. आधी तपकिरी फेस टपकला, नंतर फिकट, शेवटी जवळजवळ स्वच्छ पाणी. काहीच टपकले नसते तर नळी तुंबली आहे असे समजून ती आधी मोकळी करावी लागली असती. ब्लोअरच्या मोटरवर फेस जाता कामा नये, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. त्यानंतर बाहेरची हवा घेणारे बटण लावून, काचा उघड्या ठेवून ब्लोअर अर्धा तास चालवला. जाळ्यांच्या पट्ट्या जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसल्या. सगळे संपल्यावर, दुसऱ्या रविवारी संध्याकाळी, नवा फिल्टर बसवला. आधी बसवला असता तर सफाईतला वास त्यानेच पिऊन घेतला असता.

वॉशिंग सेंटरवाल्याने ओझोनचे यंत्र लावण्याचा आग्रह केला. "साहेब, एका तासात वास गायब." मी नको म्हणालो, आणि कारण सांगितले. ओझोन वासाच्या पदार्थांशी झगडतो हे खरे, पण निकोटीनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइडसारखी झोंबणारी द्रव्येही तयार करतो. तो स्वतःही फुप्फुसांना दाहक आहे आणि गाडीतल्या रबराला चिरा पाडतो. मळ न काढता ओझोन लावला तर वास काही दिवसांनी परत येतो. मळ नीट काढला असेल तर त्याची गरज फारशी उरत नाही. दम्याचे मूल ज्या गाडीत बसणार, तिच्यात तर तो नकोच.

आठ दिवसांनी उन्हात गाडी तापवून पुन्हा परीक्षा घेतली. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "साबणाचा येतोय, दुसरा नाही." गॉझ काचेवर फिरवला, तो पांढरा निघाला. मुलगी आजोळी जाऊन आली, त्रास झाला नाही. एवढ्यावर सगळे श्रेय गाडीच्या सफाईला देणे बरोबर नाही. मी औषधही वाढवले होते आणि हवामानही बदलले होते. पण रविवार-सोमवारचे ते चक्र थांबले हे खरे.

गोष्ट इथेच संपली असती तर मी कदाचित लिहिलेही नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिक्षक एकटेच आले. "वास परत आलाय," म्हणाले. स्पंजातला खोल मुरलेला वास कधी कधी असा डोके वर काढतो. तेव्हा सीटची सफाई पुन्हा करावी लागते, आणि दोन-तीन वेळा करूनही जात नसेल तर स्पंज बदलावाच लागतो. मी तसे सांगणार होतो. पण आधी सवयीने गॉझ भिजवून काचेवर फिरवला. तुकड्यावर फिकट पिवळा पट्टा उमटला.

आता, स्पंजातून येणारा जुना वास काचेवर दोन महिन्यांत असा पट्टा सहसा उठवत नाही. तो उठतो ताज्या धुराने. मी काही बोललो नाही, तुकडा फक्त त्यांच्यापुढे धरला. ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शाळेतून येताना एक ओढतो, डॉक्टरसाहेब. काच पूर्ण खाली करून. घरी कोणाला माहीत नाही."

काच खाली केल्याने धूर बाहेर जातो, ही समजूत फार पसरलेली आहे. धावत्या गाडीत धुराचा काही भाग बाहेर जातो, काही मागच्या सीटकडे वळतो. आणि मागच्या सीटवर दर रविवारी कोण बसते हे त्यांना मी सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्या दिवशी आम्ही गाडीवर न बोलता सिगारेट सोडण्यावर बोललो. ते स्वतंत्र प्रकरण आहे. सध्या ते बंद आहेत, मध्ये एकदा घसरले होते, पुन्हा सावरले. गाडी त्यांनी आणखी एकदा पुसून काढली, या वेळी अर्ध्या दिवसात झाली.

शेवटी माझे म्हणणे दोन गोष्टींत आहे. जुनी गाडी घेताना आपण किती किलोमीटर चालली, अपघात झाला का, इंजिन उघडले का, हे सारे विचारतो. "गाडीत कोणी सिगारेट ओढत होते का?" हे कोणी विचारत नाही. ज्यांच्या घरी तान्हे मूल, दम्याचा रुग्ण किंवा गरोदर बाई आहे, त्यांनी तरी हे विचारावे. आणि उत्तरावर विसंबून न राहता खिशात एक ओला पांढरा रुमाल न्यावा. समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात आणि उन्हाच्या झापडीमागे तो फिरवावा, सीट कव्हर उचलून खाली पाहावे, रक्षापात्र उघडावे, ब्लोअर चालवून पहिला झोत नाकाने घ्यावा. ज्या गाडीत अत्तराचा घमघमाट आहे, तिथे जास्त बारकाईने पाहावे. रुमाल पिवळा निघाला तर दोन रविवार, नवा फिल्टर आणि मेकॅनिकची मजुरी किमतीतून वजा करून मागावी. विकणाऱ्याला ते पटेल, कारण रुमाल त्याच्याही समोर असतो.

दुसरी गोष्ट कायद्याच्या पलीकडची आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला बंदी आहे. भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर सिगारेट पेटवू लागला तर त्याला थांबवण्याचा प्रवाशाला पूर्ण हक्क आहे आणि तो बजावावा. आपल्या स्वतःच्या गाडीत मात्र पोलीस येणार नाही. तिथे मागच्या सीटवर बसलेले, पाय जमिनीला न पोचणारे मूल हेच काय ते साक्षीदार. ते बोलत नाही, फक्त खोकते. आमच्या या मुलीने तोंडाने सांगितले म्हणून मला कळले, नाहीतर मी अजून तिच्या पंपाची मात्राच वाढवत बसलो असतो.